एक हजार वीस मुली? चाकणचा खरा आकडा कुठे आणि कसा शोधायचा

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दवाखान्यात सर्दी-तापाच्या पेशंटबरोबर शाळेच्या प्रोजेक्टवालेही येतात. भोसरी, मोशी ते चाकण या पट्ट्यात माझे बहुतेक पेशंट राहतात. त्यांची मुलं भिंतीवरच्या पोस्टरचे फोटो काढतात आणि "मॅडम, डेंग्यूची माहिती द्या ना", "लसीकरणाचा तक्ता द्या ना" अशी मागणी करतात. यंदा आठवीतल्या एका मुलीचा विषय होता 'आपल्या गावातील लिंग गुणोत्तर'. आई तपासणीला आली होती, म्हणून तीही आली होती, आणि सोबत आजी. आईला चौथा महिना चालू होता. घरात आधीच्या दोन मुली. (घरच्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून हे लिहिते आहे.)

मुलीने मोबाईलवर शोधून वहीत एकच आकडा लिहून आणला होता: "१००० पुरुषांमागे १०२० स्त्रिया." आजींनी तो आधीच पाठ केला होता. "मॅडम, आता पोरीच जास्त झाल्यात म्हणं. सरकारनंच सांगितलंय," त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा रोख कुठे आहे, हे मलाही कळलं आणि सुनेलाही. मुली जास्त झाल्या असतील, तर मग एखादी कमी झाली म्हणून काय बिघडलं, असा तो हिशेब.

तो आकडा खोटा नव्हता. सरकारी पाहणीतलाच होता. पण तो चाकणचा नव्हता, महाराष्ट्राचाही नव्हता, आणि 'मुली किती जन्मतात' या प्रश्नाचं उत्तर तर मुळीच नव्हता. सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना तारीख, पेशंटचं नाव आणि नेमकं काय मोजलंय हे आम्ही आधी पाहतो. आकड्यांच्या वेबसाइटवरही तेच करायचं असतं. त्या मुलीचा प्रोजेक्ट पुरा होईपर्यंत आम्ही ते कसं केलं, ते इथे सविस्तर सांगते.

एकाच नावाचे तीन वेगळे आकडे

'लिंग गुणोत्तर' म्हणजे दर १००० पुरुषांमागे स्त्रिया किती. पण कुठल्या वयाचे पुरुष आणि कुठल्या वयाच्या स्त्रिया, यावर सगळं अवलंबून असतं.

पहिला आकडा एकूण लोकसंख्येचा. यात तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे आले. दुसरा बाल लिंग गुणोत्तराचा. यात फक्त शून्य ते सहा वर्षांची मुलं, म्हणजे सातवा वाढदिवस न झालेली. तिसरा जन्माच्या वेळचा, म्हणजे ठरावीक काळात जन्मलेल्या बाळांत दर १००० मुलांमागे मुली किती.

हे तीन आकडे एकमेकांच्या उलट दिशेलाही जाऊ शकतात. महाराष्ट्राचंच पाहा. २००१ च्या जनगणनेत राज्याचं एकूण लिंग गुणोत्तर ९२२ होतं, २०११ मध्ये ते ९२९ झालं. एवढंच वाचलं तर वाटेल की सुधारणा झाली. पण त्याच दहा वर्षांत बाल लिंग गुणोत्तर ९१३ वरून ८९४ वर घसरलं. स्त्रियांचं आयुर्मान वाढलं की पहिला आकडा वर जातो. मुली जन्माला येण्याआधीच अडवल्या गेल्या की दुसरा खाली येतो. दोन्ही एकाच वेळी घडत होतं.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी लागते. निसर्गतः मुलगे आणि मुली अगदी सारख्या संख्येने जन्मत नाहीत. जगभर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे कोणी हस्तक्षेप केला नाही, तर जन्माच्या वेळचं गुणोत्तर साधारण ९५० च्या आसपास असतं. तुलना १००० शी नव्हे, ९५० शी करायची. ८९४ हा आकडा ९५० च्या शेजारी ठेवला की तो किती खाली आहे ते कळतं, आणि उगाच वाढवून सांगावंही लागत नाही.

१०२० हा आकडा आला कुठून?

तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला आहे. ही पाहणी मुंबईच्या देवनार भागातली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली आणि त्यात देशभरातल्या सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत जाऊन माहिती घेतली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल आले, आणि भारतात प्रथमच स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त झाल्या, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या.

पण ही पाहणी आहे, शिरगणती नव्हे. आदल्या रात्री त्या घरात जे झोपले होते, त्यांची ती नोंद असते. घरातला पुरुष कामासाठी बाहेरगावी असला, तर त्या घरात तो मोजला जात नाही. कंपनीच्या वसतिगृहात, बांधकामाच्या लेबर कॅम्पमध्ये किंवा लष्करी बराकीत राहणाऱ्यांकडे पाहणीवाले जात नाहीत, कारण ती 'कुटुंबं' नाहीत. म्हणजे गावाकडच्या घरातून पुरुष गळतात आणि ते जिथे गेले तिथेही अनेकदा सापडत नाहीत. चाकणच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इथल्या कितीतरी खोल्यांत राहणाऱ्या माणसांचं घर बीडला, यवतमाळला नाही तर बिहारमध्ये आहे.

याच पाहणीच्या त्याच पानावर, १०२० च्या जवळच, दुसरी ओळ आहे: गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांचं लिंग गुणोत्तर. भारतासाठी ते ९२९ आहे. महाराष्ट्रासाठी ९१३, आणि आधीच्या चौथ्या फेरीत ते ९२४ होतं. म्हणजे ज्या अहवालाने 'मुली जास्त झाल्या' अशी बातमी दिली, त्याच अहवालात महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलींचं प्रमाण आणखी घटल्याचं लिहिलेलं आहे.

मी ती ओळ मुलीला मोठ्याने वाचायला सांगितली. आजी ऐकत होत्या. "म्हंजी कमीच हैत का?" त्यांनी विचारलं. "जन्माला येणाऱ्या कमीच आहेत, आजी," मी म्हटलं. त्या गप्प बसल्या. माझ्या दाराबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक आहे, आणि असं निदान करणं हा १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, यासाठी स्वतःचा कायदा केला होता. तो फलक आजींनी शंभरदा पाहिला असेल. पण नातीने वाचलेल्या एका ओळीने जे काम केलं, ते फलकाने इतक्या वर्षांत केलं नव्हतं.

आता चाकणचा आकडा शोधू

आपल्या गावाचा आकडा हवा असेल तर जनगणनेला पर्याय नाही. पाहणी जिल्ह्यापर्यंत पोचते, गावापर्यंत नाही. जनगणनेची अधिकृत वेबसाइट censusindia.gov.in ही आहे. शेवटचं .gov.in नीट पाहा. नावात 'सेन्सस' असलेल्या आणि जाहिरातींनी भरलेल्या बऱ्याच खासगी वेबसाइट आहेत. त्यांतल्या काही जनगणनेचे आकडे जसेच्या तसे देतात. काही मात्र 'पिंपरी-चिंचवडची यंदाची लोकसंख्या' असा आकडाही देतात. तो कोणीही मोजलेला नसतो, जुन्या वाढीचा दर पुढे ओढून काढलेला अंदाज असतो. मोजलेला आकडा २०११ चा आहे. त्यानंतर भारतात जनगणना झालेलीच नाही.

या वेबसाइटवर आपल्याला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. प्रत्येक जिल्ह्याची स्वतंत्र पीडीएफ असते आणि तिचे दोन भाग असतात: एकात गावोगावच्या शाळा, दवाखाने, पाणी, रस्ते यांची माहिती, दुसऱ्यात लोकसंख्येचे तक्ते. वेबसाइटच्या शोधाच्या चौकटीत District Census Handbook Pune असं टाकलं की ती सापडते. दुसरी म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा. शोधताना Primary Census Abstract असं टाकायचं आणि वर्ष २०११, राज्य महाराष्ट्र निवडायचं. ही एक्सेल फाइल असते. राज्याची फाइल मोठी असते, म्हणून ती मोबाईलवर न उघडता शाळेच्या संगणकावर उघडलेली बरी.

फाइल उघडली की हजारो ओळी दिसतात आणि मुलं घाबरतात. घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्राचा कोड २७ आणि पुणे जिल्ह्याचा ५२१ आहे. आधी हे दोन फिल्टर लावायचे, म्हणजे फक्त पुणे जिल्हा उरतो. नुसतं 'खेड' शोधलंत तर रत्नागिरी जिल्ह्यातलं खेडही समोर येतं. आपलं खेड म्हणजे राजगुरुनगरचं खेड, आणि चाकण त्याच तालुक्यात आहे.

आमच्या प्रोजेक्टवालीची इथे पहिली अडचण झाली. तिने चाकण गावांच्या यादीत शोधलं, मिळालं नाही. नगरपालिकांच्या यादीतही मिळालं नाही. कारण असं: २०११ मध्ये चाकणला ग्रामपंचायत होती, नगरपरिषद २०१५ मध्ये झाली. पण कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी जनगणना एखाद्या ठिकाणाला तीन अटींवर 'शहर' धरते: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. चाकण या तिन्हींत बसलं. म्हणून तक्त्यात ते Chakan (CT) असं आहे, म्हणजे जनगणना-शहर. पिंपरी-चिंचवड मात्र Pimpri Chinchwad (M Corp.) असं, महानगरपालिका म्हणून आहे आणि ते हवेली तालुक्याखाली सापडतं. तुमचं गाव सापडत नसेल तर ते 'नाहीच' असं समजू नका. त्या वर्षी त्याचा दर्जा काय होता, ते आधी पाहा.

तक्ता वाचताना

ओळ सापडली की आपल्याला सहाच रकाने लागतात. TOT_P म्हणजे एकूण माणसं, TOT_M पुरुष, TOT_F स्त्रिया. मग P_06, M_06 आणि F_06, म्हणजे शून्य ते सहा वयाची एकूण मुलं, त्यातले मुलगे आणि मुली. बाकीचे रकाने साक्षरतेचे, कामगारांचे वगैरे आहेत. ते आज सोडून द्या.

चाकणच्या ओळीत २०११ ची एकूण लोकसंख्या ४१,११३ आहे. पुरुष २२,७०६ आणि स्त्रिया १८,४०७. पहिलं काम म्हणजे बेरीज करून पाहणं. २२,७०६ अधिक १८,४०७ बरोबर ४१,११३. जुळलं. बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा आकडे उतरवून घेताना ओळ चुकलेली असते, किंवा एकाच नावाच्या दोन ओळींतली चुकीची ओळ घेतलेली असते. फाइलमध्ये शहराची एक ओळ असते आणि तिच्याखाली त्याच शहराच्या वॉर्डांच्या ओळी असतात. Level या रकान्यात TOWN लिहिलेली ओळ घ्यायची, WARD लिहिलेली नाही.

मग गुणोत्तर काढायचं. रीत साधी आहे:

```
TOT_F / TOT_M * 1000
F_06  / M_06  * 1000
```

पहिल्या रीतीने चाकणचं उत्तर येतं १८,४०७ भागिले २२,७०६ गुणिले १०००, म्हणजे ८११. राज्याचं ९२९ आणि चाकणचं ८११. मुलीने हे पाहिलं आणि लगेच निष्कर्ष लिहायला घेतला: 'चाकणमध्ये स्त्रीभ्रूणहत्या खूप होते.'

इथे मी तिला थांबवलं. प्रोजेक्टमधली ही सर्वांत मोठी घसरण्याची जागा आहे, आणि मोठी माणसंही इथेच घसरतात.

८११ चा अर्थ काय?

चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत. तिथे कामाला येणारा बहुतेक जण एकटा येतो: वय वीस-पंचवीस, एका खोलीत चौघं-पाचजण, बायको असेल तर गावाकडे. असे काही हजार पुरुष लोकसंख्येत मिसळले की एकूण गुणोत्तर आपोआप खाली येतं, एकाही मुलीचा जन्म रोखला गेला नसला तरीही. पिंपरी-चिंचवडचंही तसंच. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे होती आणि एकूण लिंग गुणोत्तर ८३० च्या थोडं खालीच होतं. याच्या उलट, जिथले पुरुष कामासाठी बाहेर पडतात त्या कोकणातल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात गुणोत्तर १००० च्याही वर जातं. तिथे मुलींचं जास्त कौतुक होतं असा त्याचा अर्थ नाही. तिथले मुलगे मुंबईत आहेत, एवढाच आहे.

मग स्थलांतर किती आणि मुलगा-मुलगी भेद किती, हे वेगळं कसं करायचं? त्यासाठीच दुसरी रीत आहे. पाच वर्षांचं पोर नोकरीसाठी एकटं चाकणला येत नाही. ते आई-वडिलांबरोबरच असतं, मग मुलगा असो की मुलगी. म्हणून शून्य ते सहा वयाच्या गुणोत्तरावर कारखान्यांचा परिणाम फार थोडा होतो. एकूण गुणोत्तर कमी पण बाल लिंग गुणोत्तर ९५० च्या जवळ असेल, तर ते मुख्यतः स्थलांतर. बाल लिंग गुणोत्तरही बरंच खाली असेल, तर मात्र प्रश्न सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत आणि घराघरातल्या वागणुकीपर्यंत जातो.

चाकणच्या F_06 आणि M_06 चं उत्तर मी इथे मुद्दाम छापत नाही. छापलं तर पुढच्या वर्षी या पट्ट्यातली सगळी मुलं तेच उतरवून घेतील. फाइल उघडा, काढा, आणि राज्याच्या ८९४ शेजारी ठेवा.

एक मर्यादा मात्र सांगते. छोट्या संख्येत योगायोग फार मोठा दिसतो. एखाद्या वाडीत १०० बाळं जन्मली, तर निसर्गाप्रमाणे साधारण ५१ मुलगे आणि ४९ मुली अपेक्षित आहेत. पण निव्वळ योगायोगाने ६१ मुलगे आणि ३९ मुलीही होऊ शकतात, आणि मग गुणोत्तर ६३९ येतं. उलट ४१ मुलगे आणि ५९ मुली झाल्या तर १४३९. कोणी काहीही केलेलं नसतं. जन्म दहा हजार असतील तर हाच योगायोग साधारण ९१५ ते ९९० एवढ्यातच खेळतो. म्हणून एखाद्या छोट्या गावाचं एका वर्षाचं गुणोत्तर ६५० आलं म्हणून गावाला नावं ठेवू नका, आणि ११०० आलं म्हणून सत्कारही करू नका. छोट्या गावासाठी तालुक्याचा आकडा घ्यावा, नाहीतर पाच-सहा वर्षांचे जन्म एकत्र करावेत. पाहणीच्या जिल्हा-पत्रकात याचीच एक खूण असते: आकडा कंसात दिसला तर तो २५ ते ४९ जणांवरूनच काढलेला आहे, आणि आकड्याच्या जागी फुली असली तर संख्या २५ पेक्षाही कमी होती.

जन्मनोंदणीचे आकडे का फसवतात?

मुलीने मग विचारलं, "मॅडम, २०११ जुनं आहे. महापालिकेत जन्माचे दाखले मिळतात, त्यांचे आकडे घेऊ का?" प्रश्न अगदी रास्त. जन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, २१ दिवसांत करायची असते, आणि तिचे वार्षिक अहवाल भारताच्या महानिबंधकांचं कार्यालय, म्हणजे जनगणना करणारंच कार्यालय, प्रसिद्ध करतं.

पण ही नोंद बाळ जिथे जन्मतं तिथे होते, आई जिथे राहते तिथे नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात खेड, मावळ, जुन्नरच्या बायका बाळंत होतात, त्यांची नोंद पिंपरी-चिंचवडची. आणि चाकणमध्ये राहणारी माझी निम्मीअधिक गरोदर पेशंट सातव्या महिन्यात फाइल घेऊन माहेरी जाते: कोणी परभणीला, कोणी बुलढाण्याला, कोणी थेट समस्तीपूरला. तिचं बाळ चाकणचं, पण नोंद तिकडची. म्हणून एखाद्या छोट्या शहराच्या जन्मनोंदीतून त्या शहरातल्या कुटुंबांबद्दल बोलताना फार जपून बोलावं लागतं. जिल्हा किंवा राज्य घेतलं की ही ये-जा बरीचशी आतल्या आत जिरते.

राज्याच्या पातळीवरची ताजी माहिती हवी असेल तर राज्य शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची वेबसाइट mahades.maharashtra.gov.in पाहा. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि प्रत्येक जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' तिथे मिळतं, आणि तेही मराठीत, ही शाळकरी मुलांसाठी मोठी सोय आहे. केंद्राची data.gov.in ही खुल्या माहितीची वेबसाइट आहे. तिथे वेगवेगळ्या खात्यांच्या फाइल एकत्र मिळतात. फक्त फाइल अपलोड कधी झाली ती तारीख आणि आकडे कोणत्या वर्षाचे आहेत ते वर्ष, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. नव्या तारखेखाली जुनेच आकडे असणं नेहमीचं आहे.

प्रोजेक्टमध्ये शेवटी काय लिहिलं गेलं

तिच्या तक्त्यात तीन ओळी होत्या: भारत, महाराष्ट्र, चाकण. भारतापुढे २०११ चं एकूण ९४३ आणि बाल ९१९, महाराष्ट्रापुढे ९२९ आणि ८९४, चाकणपुढे ८११ आणि तिने स्वतः काढलेला आकडा. प्रत्येक आकड्याखाली तक्त्याचं नाव आणि जनगणनेचं वर्ष. १०२० हा आकडाही तिने काढून टाकला नाही. त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिला आणि तो कशाचा आहे, कशाचा नाही, ते सांगितलं. निष्कर्षात तिने लिहिलं की चाकणमध्ये एकूण स्त्रिया कमी असण्याचं मोठं कारण कामासाठी येणारे एकटे पुरुष हे आहे. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं असेल तर लहान मुलांचाच आकडा पाहावा लागेल. आणि तो आकडा आता चौदा वर्षं जुना आहे.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तिने हिशेब केला. २०११ ची मोजणी १ मार्च या तारखेची. तिचा जन्म त्यानंतरचा. "म्हणजे मी यात नाहीच?" ती म्हणाली. खरंच नव्हती. तिच्या आठवीच्या वर्गातलं जवळजवळ एकही मूल अजून भारताच्या जनगणनेत मोजलं गेलेलं नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आहे. आपल्याकडे पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ अशी ठरली आहे, आणि त्याआधी २०२६ मध्ये घरांची यादी होईल. त्या तक्त्यात चाकण नगरपरिषद म्हणून येईल. तेव्हा ८११ शी तुलना करण्याआधी हद्द तीच आहे का, हे पाहावं लागेल.

तोपर्यंत या घरातलं बाळ साधारण नऊ महिन्यांचं झालेलं असेल. जनगणनेत वर्षाच्या आतली बाळं सुटून जातात, हा सगळीकडचा अनुभव आहे. प्रगणक विचारतो, "घरात किती माणसं?", आणि पाळण्यातलं बाळ कोणी 'माणूस' म्हणून मोजत नाही. म्हणून पुढच्या तपासणीला मी आईला लोहाच्या गोळ्यांबरोबर हेही सांगितलं: मोजणीवाले येतील तेव्हा बाळ सांगायला विसरू नका. आजी म्हणाल्या, "मी सांगीन की." मुलगी असेल तर F_06 मध्ये एकाची भर, मुलगा असेल तर M_06 मध्ये. आणि थोरल्या दोघीही पहिल्यांदाच मोजल्या जातील.